जस्ताच्या पाणी-सेलची कपॅसिटी घसरते : कॅथोड विरघळतोय की डेंड्राइट वाढतंय, ते ओळखायचं कसं

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सांभाळतो. गेली काही वर्षं प्रकल्पाला येणारी मुलं जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडचे सेल बांधतात. एका बाजूला जस्ताचा पत्रा, दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइड, मध्ये झिंक सल्फेटचं पाणी. सामान स्वस्त आहे आणि इलेक्ट्रोलाइट पाण्याचं असल्यामुळे पेट घेत नाही. त्यामुळे सौर पॅनेलची दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायला हे रसायन योग्य वाटतं. जागेवरच ठेवायची बॅटरी असेल तर वजनाची फिकीर नसते.

दर वर्षी तक्रार मात्र एकच येते : "सर, पहिल्या दिवशी छान चालला, आता निम्माच उरलाय." घसरणीचा आलेख दिसायला सारखाच असतो. त्यामागे दोन वेगळे आजार असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आधी लक्षणं सांगतो.

लक्षणं

पहिला आजार कॅथोडचा. कपॅसिटी सायकलमागून सायकल हळूहळू उतरते. जेवढं चार्ज घालाल तेवढंच परत मिळतं, क्वचित थोडं जास्तही. व्होल्टेजची रेषा गुळगुळीत असते, फक्त आखूड होत जाते.

दुसरा आजार जस्ताच्या बाजूचा. चार्ज होताना जस्त पत्र्यावर सपाट न बसता सुईसारख्या फांद्यांनी वाढतं, त्यांनाच डेंड्राइट म्हणतात. इथे घातलेलं चार्ज आणि मिळालेलं चार्ज यांत फरक पडू लागतो. चार्ज जिथे थांबवायचा त्या १.८ व्होल्टपर्यंत व्होल्टेज चढायला तयार नसतं. दीडच्या आसपास ते थरथरतं, दातेरी रेषा काढतं आणि चार्जिंग संपतच नाही. काही वेळा सेल एका रात्रीत मरतो.

तिसरं लक्षण यांच्यात मिसळून येतं : सेल फुगणं, झाकणाच्या कडेला पांढरी बुरशीसारखी पूड, क्लिपवर हिरवा किंवा तपकिरी डाग. याची तपासणी सगळ्यात सोपी, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

क्लिप, पत्रा आणि मे महिना

सेल उघडण्याआधी मल्टिमीटर घ्या. मगरक्लिपपासून इलेक्ट्रोडपर्यंतचा रोध मोजा. झिंक सल्फेटचं पाणी वातीसारखं पट्टीवर चढतं, क्लिपमध्ये शिरतं आणि ती गंजते. रोध वाढला की सेल वेळेआधीच १.८ व्होल्टला पोहोचल्यासारखा दिसतो आणि कपॅसिटी खोटी कमी भरते. घासपेपर मारून पट्टी स्वच्छ केल्यावर सेल पुन्हा पूर्ववत चालल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

मग कॅथोडच्या मागचा पत्रा बघा. तो साध्या स्टीलचा असेल तर बदला. जस्ताच्या तुलनेत १.८ व्होल्ट म्हणजे स्टीलवर मोठाच ताण असतो. त्यातलं लोखंड हळूहळू विरघळून पाण्यात येतं आणि पलीकडे जस्तावर बसतं. जस्तावर लोखंडाचे कण बसले की तिथे हायड्रोजन सहज सुटू लागतो. म्हणजे दोष कॅथोडच्या पाठीशी असतो आणि त्रास जस्ताला होतो. टायटॅनियमची फॉइल किंवा ग्राफाइटची शीट वापरा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही इथे विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि पंख्याखाली ठेवलेला काचेचा उघडा सेल आठवड्यात बरंच पाणी गमावतो. द्रावण दाट होतं, कडेला मीठ फुटतं, गंजण्याचा वेग वाढतो. सेल बांधला त्या दिवशी त्याचं वजन करून वहीत लिहा आणि दर आठवड्याला पुन्हा तोला. वजन उतरलं असेल तर कारण हातात आलं. बंद डब्यात सेल आणि शेजारी पाण्याची वाटी, एवढ्यावर आमच्या इथे काम भागतं.

मीठ आणि पाणी कुठून आणलं?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. सोलापूर द्राक्षं-डाळिंबांचा जिल्हा. झिंक सल्फेट कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, २१ टक्के जस्त असं पिशवीवर छापलेलं. पिकाला ते चांगलंच, पण त्यात लोखंडासारख्या इतर धातूंचे अंश असतात आणि ते वर सांगितल्याप्रमाणे जस्तावर जाऊन बसतात. सेलसाठी प्रयोगशाळेच्या प्रतीचंच मीठ घ्या. बोअरचं पाणीही नको. आपल्या जड पाण्यातले क्लोराइड आणि कॅल्शियम दोन्ही त्रास देतात. ऊर्ध्वपातित पाणी नसेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते खनिजमुक्त पाणी चालतं, फक्त कॅन नवा असावा.

प्रमाण असं. दोन मोलार द्रावणासाठी ५७.५ ग्रॅम ZnSO4·7H2O थोड्या पाण्यात विरघळवा आणि मग पाणी घालून एकूण १०० मिली करा. मीठ १०० मिली पाण्यात टाकलं तर आकारमान वाढतं आणि द्रावण पातळ होतं. ही चूक फार होते. तयार द्रावणाचा पीएच ४ च्या आसपास येतो. सेलमधून काढलेल्या पाण्याचा पीएच साडेपाचच्या वर गेला असेल तर जस्ताच्या बाजूला हायड्रोजन सुटतोय, असं समजायला हरकत नाही.

आता चार्जचा हिशेब

इथवर काही सापडलं नाही तर सेल चार्ज-डिस्चार्ज करून नोंद ठेवणाऱ्या टेस्टरची फाइल उघडा. प्रत्येक सायकलचं डिस्चार्ज भागिले त्याच सायकलचं चार्ज काढा. दोन आजार वेगळे करणारा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच आहे आणि बहुतेक मुलं हाच टाळतात, कारण कपॅसिटीचा आलेख जास्त आकर्षक दिसतो.

भागाकार १ च्या अगदी जवळ आणि कपॅसिटी मात्र उतरती असेल, तर वीज गळत नाहीये, साठवण्याचं सामानच कमी होतंय. संशय कॅथोडवर घ्या. भागाकार ०.९८ च्या खाली आणि तोही वरखाली उड्या मारत असेल, तर चार्ज आतल्या आत वाया जातोय. संशय जस्तावर घ्या.

खात्रीसाठी विश्रांतीची चाचणी करा. सेल १.८ पर्यंत चार्ज करा, तार काढा, २४ तास तसाच ठेवा, मग डिस्चार्ज करा. व्होल्टेज सुरुवातीला पटकन थोडं उतरतं, ते स्वाभाविक आहे. निरोगी सेल त्यानंतर स्थिरावतो आणि आमच्याकडे असे सेल नव्वद टक्क्यांहून जास्त परत देतात. आत डेंड्राइटचा बारीक पूल झाला असेल तर व्होल्टेज उतरतच राहतं. एका दिवसात निम्मं चार्ज गेलं तर सेल उघडायची वेळ झाली.

एका सेलची गोष्ट

गेल्या वर्षी एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने बांधलेला सेल दोन्ही आजारांतून गेला, म्हणून तोच घेतो. कॅथोडचं क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर, त्यावर ४ मिलिग्रॅम मँगनीज डायऑक्साइड. जस्ताचा पत्रा १०० मायक्रॉनचा. मध्ये सेपरेटर म्हणून काचतंतूचा कागद आणि त्यात १५० मायक्रोलिटर निव्वळ झिंक सल्फेटचं द्रावण. पहिल्या सायकलला ग्रॅममागे २४० मिलीअँपिअर-तास मिळाले, चाळिसाव्याला ११०. भागाकार मात्र सगळ्या वेळ ०.९९ ते १.०१.

लक्षणं कॅथोडची होती. डिस्चार्ज होताना मँगनीज चारवरून तीन संयुजेला येतं. हे तीनचं मँगनीज अस्थिर असतं. दोन अणू आपसात देवाणघेवाण करतात, एक पुन्हा चारला जातो आणि दुसरा दोनला येऊन पाण्यात विरघळतो. दोनचं मँगनीज जवळजवळ रंगहीन असल्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. व्हॅनेडियमचा कॅथोड विरघळला तर पाणी पिवळं पडतं. इथे तशी खूण मिळत नाही.

म्हणून जुनी कप्प्यातली परीक्षा काढली. सेपरेटर थोड्या पाण्यात पिळला, ते पाणी परीक्षानळीत घेतलं, त्यात सौम्य नायट्रिक आम्ल आणि चिमूटभर सोडियम बिस्मुथेट टाकलं, न तापवता हलवलं. गाळ बसल्यावर वरचं पाणी जांभळं झालं. पाण्यात उतरलेलं मँगनीज परमँगनेट होऊन दिसलं. दहावी-बारावीला गुणात्मक विश्लेषण केलेल्या कुणालाही ही परीक्षा जमते. दोन अटी आहेत. पाण्यात क्लोराइड नको, आणि सेलमध्ये मँगनीजचं मीठ आधीपासून घातलेलं नसावं.

औषध ठाऊक आहे : इलेक्ट्रोलाइटमध्ये आधीच मँगनीज सल्फेट घालायचं. पाण्यात मँगनीज असलं की कॅथोडमधून आणखी उतरण्याची ओढ कमी होते आणि उतरलेलं चार्जच्या वेळी परत कॅथोडवर बसू शकतं. १०० मिलीला १.६९ ग्रॅम MnSO4·H2O म्हणजे ०.१ मोलार. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीच्या गटाने २०१६ मध्ये 'नेचर एनर्जी'त याच प्रमाणाने ५,००० सायकलनंतर ९२ टक्के कपॅसिटी टिकल्याचं दाखवलं होतं. त्या सायकल वेगवान होत्या, हे विसरू नका. काही मिनिटांत डिस्चार्ज संपला तर मँगनीजला विरघळायला वेळच मिळत नाही. घराच्या बॅटरीला दिवसाला एकच सायकल करायची असते, आणि खरी परीक्षा त्या संथ वेगातच होते. टिकाऊपणा सांगताना सायकलची संख्या आणि वेग दोन्ही लिहा.

नव्या द्रावणासह दुसरा सेल बांधला. आता कपॅसिटी घसरण्याऐवजी वाढली : २५०, २९०, मग ३३०. मुलगी आनंदली, मी थांबवलं. मँगनीज डायऑक्साइडची एका इलेक्ट्रॉनची सैद्धांतिक मर्यादा ग्रॅममागे ३०८ आहे. वरचं कुठून आलं? हिशेब केला. १५० मायक्रोलिटरमध्ये ०.१ मोलार म्हणजे १५ मायक्रोमोल मँगनीज. ते सगळं चार्जच्या वेळी कॅथोडवर डायऑक्साइड होऊन बसलं तर दोन इलेक्ट्रॉनच्या हिशेबाने ०.८ मिलीअँपिअर-तास होतात. मूळ कॅथोडची कपॅसिटीच १ मिलीअँपिअर-तास होती. म्हणजे औषध स्वतःच साठा होऊन बसलं होतं आणि आपण भागत मात्र होतो मूळ ४ मिलिग्रॅमने. मँगनीज सल्फेट घातलेल्या सेलची कपॅसिटी चढताना दिसली की हा हिशेब करा. जास्त घातल्याने जास्त भलं होईल असंही समजू नका. मँगनीज असं बसताना पाण्यात आम्ल तयार होतं आणि ते जस्ताला खातं.

ऐंशीव्या सायकलपर्यंत सेल नीट चालला. मग भागाकार ०.९३ वर आला आणि चार्जची रेषा दातेरी झाली. पहिला आजार आवरल्यामुळे सेल इतका जगला, की दुसरा दिसू लागला.

जस्ताची बाजू

इथे पहिली गोष्ट म्हणजे चार्जला मर्यादा घालणं. टेस्टरमध्ये फक्त १.८ व्होल्टची अट असेल तर पूल झालेला सेल तिथे पोहोचतच नाही आणि रात्रभर चार्ज होत राहतो. मागच्या डिस्चार्जच्या १.२ पट चार्ज झालं की थांब, अशी दुसरी अट घाला.

मग सेल उघडा, आणि तो चार्ज केलेल्या अवस्थेतच उघडा. डिस्चार्जच्या शेवटी कॅथोडवर झिंक हायड्रॉक्साइड सल्फेटचा पांढरा थर येतो. तो आजार नाही, चार्ज केल्यावर विरघळून जातो. डिस्चार्ज झालेला सेल उघडून "कॅथोडवर काहीतरी पांढरं जमलंय" म्हणत कितीतरी जण चुकीच्या दिशेला गेले आहेत. हाच पांढरा थर जस्ताच्या पत्र्यावर असेल तर मात्र तो गंज आहे. हायड्रोजन सुटला, जवळच्या पाण्याचा पीएच चढला आणि हे मीठ खाली बसलं.

सेपरेटरच्या जस्ताकडच्या बाजूला राखाडी-काळे ठिपके आहेत का ते बघा. पलीकडून मँगनीज डायऑक्साइडचे कणही चिकटतात, म्हणून रंगावर विसंबू नका. कागदाचा तुकडा धुऊन सौम्य सल्फ्युरिक आम्लात टाका. बारीक बुडबुडे आले तर ते धातुरूप जस्त आहे, म्हणजे डेंड्राइट कागदात शिरलं. बुडबुडे न येता पांढरं नुसतं विरघळलं तर ते मीठ होतं. मुलीच्या सेलमध्ये कागदाच्या एका कडेच्या ठिपक्यांतून बुडबुडे आले आणि बरोबर त्या जागी पत्र्याला कात्रीचा उंचवटा होता. वीज टोकावर एकवटते, जस्त तिथे आधी बसतं, टोक आणखी वाढतं.

उपाय सोप्यापासून सांगतो. पत्रा कापल्यावर कडा बोथट करा, १००० नंबरच्या पॉलिशपेपरने पृष्ठ घासा, अल्कोहोलने पुसा. दोन इलेक्ट्रोड सगळीकडे सारखे दाबलेले असू द्या. सैल सेलमध्ये जस्त विरळ, शेवाळासारखं वाढतं आणि त्याचे तुकडे मूळ पत्र्यापासून सुटतात. सेपरेटर एकाऐवजी दोन थरांचा करा. चार्जचा प्रवाह निम्मा करून बघा. पण फार संथ करून दिवसचे दिवस लावलेत तर गंजायला तेवढाच जास्त वेळ मिळतो, म्हणून आमच्याकडे आम्ही चार-पाच तासांच्या चार्जवर थांबतो.

गावात यंत्रमाग घरोघरी, म्हणून चादरीचं किंवा टॉवेलचं सुती कापड सेपरेटर म्हणून लावायची कल्पना दरवर्षी कुणीतरी मांडतं. मी ते करून पाहिलं आहे. सुताला खळ असते, ती आधी उकळून काढावी लागते, आणि विणीतली भोकं डेंड्राइटला सरळ वाट देतात. धुतलेल्या कापडाचा आधार आणि त्यावर काचतंतूचा कागद, अशी जोडी मात्र चालते.

कडा घासून आणि कागद दुहेरी करून बांधलेला तिसरा सेल दोनशे सायकलपर्यंत ०.९९ च्या वर राहिला. त्यापुढे मुलीचा प्रकल्प संपला.

या सेलवरून मोठी बॅटरी ठरवू नका

या सेलमध्ये दर सायकलला जस्ताचा किती थर हलत होता? चौरस सेंटिमीटरमागे १ मिलीअँपिअर-तास म्हणजे जस्ताचा १.७ मायक्रॉनचा थर. आपला सेल अर्ध्याच्या आसपास चालत होता, म्हणजे १०० मायक्रॉनच्या पत्र्यातला एक मायक्रॉनही हलत नव्हता. उरलेले ९९ मायक्रॉन आपला प्रत्येक तोटा गुपचूप भरून काढत होते. साठवणीच्या बॅटरीत कॅथोड दहापट जाड लागेल, दर सायकलला आठ-नऊ मायक्रॉन हलतील आणि एवढा जास्तीचा पत्रा घालणं परवडणार नाही. भागाकार ०.९९५ असला आणि पत्र्यात जादा जस्त नसलं, तर शंभर सायकलनंतर साठच टक्के उरतं. म्हणून पातळ कॅथोडवर सगळं जमलं की लगेच पाचपट जाड कॅथोड आणि पातळ पत्रा घेऊन पुन्हा बघा. डेंड्राइटचा त्रास तिथे खऱ्या आकारात भेटतो.

कुठे थांबायचं

बंद सेल फुगला असेल तर चार्जिंग तात्काळ बंद करा. तो टोचू नका, दाबू नका. पाण्याचं इलेक्ट्रोलाइट पेटत नाही, पण आत साठलेला हायड्रोजन ठिणगीने पेटतो. खिडक्या उघडा, सेल बाहेर सावलीत ठेवा, आणि विभागातल्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या शिक्षकांना बोलवा.

मीठ, पत्रा, कडा, मँगनीज सल्फेट, सेपरेटर हे सगळं बदलूनही लागोपाठ तीन सेल ०.९८ च्या खाली राहिले, तर चौथा बांधू नका. त्या वेळी मोजमाप हवं. विद्यापीठाच्या किंवा मोठ्या संस्थेच्या उपकरण केंद्रात जस्ताचा पत्रा क्ष-किरण विवर्तनाला द्या. तांब्याच्या किरणांत ८ अंशांजवळ शिखर आलं तर तो पांढरा थर झिंक हायड्रॉक्साइड सल्फेटचाच आहे. द्रावणातल्या लोखंड-तांब्याचं प्रमाणही तिथेच मोजून मागा. नमुना देताना सेल चार्ज होता की डिस्चार्ज, ते चिठ्ठीवर लिहा, नाहीतर निकालाचा अर्थ लागणार नाही.

आणि हे सेल मालिकेत जोडून घरच्या सौर इन्व्हर्टरला लावायचा विचार असेल तर स्वतः तार जोडू नका. मालिकेतला एक सेल आतून शॉर्ट झाला की चार्जर त्याचा वाटा बाकीच्या सेलवर टाकतो, ते १.८ च्या वर जातात आणि सगळीकडे वायू सुटू लागतो. प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं बघणारी व्यवस्था, डीसी फ्यूज आणि वायू बाहेर जायची वाट, ही कामं परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणि बॅटरी-व्यवस्थेचा जाणकार या दोघांनी मिळून करायची आहेत.